चार हजार रोख की बावन्नशे कागदासकट

स्कूटर विकायची ठरली तेव्हा आमच्या ह्यांचा चेहरा असा पडला, की बघणाऱ्याला वाटावं मी ह्यांनाच विकायला काढलंय. बरं, मी काही मागे लागले नव्हते. हेच जेवताना म्हणाले होते, "वनमाला, गाडी काढून टाकू या. तुझं काम होईल." मी भाताचा घास हातात धरून बघतच राहिले. ज्या माणसाने सहा वर्षं सकाळी उठून आधी स्कूटर पुसली आणि मग स्वतःचं तोंड धुतलं, तो हे बोलत होता.

काम असं होतं. घाटकोपरला भटवाडीत जानकीकाकूची मसाल्याची गिरणी आहे, मिरची-मसाला कांडायच्या दोन डंकांची. लग्न होऊन मुंबईत आल्यापासून मी तिथे मिरच्या निवडते, धणे भाजते, कांडलेला मसाला चाळते. गिरणी काकूची, पण बायका दारात येऊन आधी विचारणार, "वनमाला आहे का? ती असेल तरच मिरच्या टाकते." यंदा काकूच्या गुडघ्यांनी हात टेकले. शिमग्याला ती कणकवलीला जाणार होती, ती कायमचीच. मला म्हणाली, "तू घेतलंस तर तुका देतंय गो. नायतर तो फरसाणवालो जागा मागता हा. शिमग्यापर्यंत थांबतंय, पुढे नाय." फरसाणवाल्याला डंक काय करायचे आहेत? ते भंगारात गेले असते आणि मी घरी बसले असते. भिशीचे, बांगड्यांचे, डब्यातले असे सगळे पैसे मिळवून साडेचार हजार कमी पडत होते. आणि उन्हाळा तोंडावर. मसाल्याचा सगळा धंदा त्या तीन महिन्यांचा.

घरात साडेचार हजारांची म्हणावी अशी एकच वस्तू होती, आणि ती जिन्याखाली ताडपत्री पांघरून झोपायची.

ह्यांची कापडगिरणी संपात गेली. पुढे मरोळला एका कंपनीत स्टोअरमध्ये लागले. पण स्कूटर संपाच्या आधीची, चांगल्या दिवसांतली. बोनसच्या पैशात आग्रा रोडवर जुन्या गाड्या विकणाऱ्या नंदकिशोरकडून सेकंडहँड घेतली होती. तेव्हापासून नंदकिशोर म्हणजे ह्यांचा देवमाणूस. टॅक्स भरायचा, नंदकिशोरचा माणूस येऊन गाडीचं आर.सी. पुस्तक घेऊन जाणार. विमा काढायचा, तोच काढणार. वर हे त्याला चहाला पैसे देणार आणि मला सांगणार, "आपल्याला काही बघायलाच लागत नाही गं."

तर विकायलाही आम्ही पहिल्यांदा त्याच्याकडेच गेलो. नंदकिशोरने स्कूटरभोवती एक फेरी मारली. मागच्या टायरवर चपलेचं टोक मारलं, किक मारून धूर बघितला आणि आमच्यासाठी चहा सांगितला. चहा सांगितला तेव्हाच मी समजले की भाव पडणार.

"चार हजार," तो म्हणाला. "रोख. आत्ता गाडी इथे सोडा, पैसे मोजून घ्या आणि घरी जा. रिपेरी नाही, कागद नाही, काही डोक्याला ताप नाही."

"बाहेर अशाच गाडीला साडेपाच मागतायत," मी म्हटलं.

"मागतायत वहिनी, मागायला काय जातं? मी घेतली की मला धूर बंद करायचा, टायर टाकायचा, पत्रा ठोकायचा. मग ती महिना-दीड महिना माझ्या दुकानात उभी राहणार. गिऱ्हाईक आलं की त्याचे कागद करायचे. त्यातून माझं काही सुटायला नको? सहदेवभाऊ, तुम्ही सांगा, मी तुम्हाला फसवीन?"

सहदेवभाऊंनी लगेच मान हलवली. हे नंदकिशोरच्या दुकानात गेले की ह्यांची मान आपोआप हलते. मी काही बोलायच्या आत चावी खिशातून निघालीसुद्धा. मी चावी घेतली, माझ्या पर्समध्ये टाकली आणि म्हटलं, "विचार करून सांगतो."

त्याचं बोलणं खोटं नव्हतं. धंदा आहे त्याचा. पण मला साडेचार हजार हवे होते, चार नव्हे. पाचशे रुपये कमी पडले म्हणून जानकीकाकू मला अर्धा डंक थोडीच देणार होती?

मग ह्यांनी कंपनीत सांगून ठेवलं. पुढच्या रविवारी विक्रोळीहून धोंडिराम आला. ह्यांच्याच कंपनीत डिस्पॅचला आहे. सडपातळ माणूस, बोलणं हळू, पण डोळा बारीक. त्याने स्कूटरवर एक चक्कर मारली आणि परत येऊन उतरत म्हणाला, "गाडी चांगली ठेवलीय. पण धूर टाकते, क्लच सुटतो, आणि मागचं टायर गुळगुळीत झालंय."

"धूर थंडीमुळे," हे म्हणाले.

फेब्रुवारीतली दुपार होती. आमच्या तिघांच्याही कपाळावर घाम होता. धोंडिरामने कपाळ पुसलं आणि मोठ्या समजूतदारपणे म्हणाला, "असेल. पण थंडी तेवढी काढून द्या. धूर, क्लच, टायर करून द्या, विमा चालू करून द्या आणि पुस्तकावर माझं नाव चढवून द्या. बावन्नशे देतो. आर.टी.ओ.त कागद जमा झाल्याची पावती माझ्या हातात पडली, की त्याच जागी पैसे."

बावन्नशे. मी तिथल्या तिथे हिशोब केला. रिपेरीला सहाशे जातील, तरी डंक माझे.

दादू मेकॅनिकचं गॅरेज आमच्या गल्लीच्या तोंडाशी. त्याने इंजिन उघडलं आणि सगळे मेकॅनिक म्हणतात तेच म्हणाला, "आता हात लावलाच आहे तर..." मी तिथेच स्टुलावर बसले होते. म्हटलं, "हात लावलाय तेवढाच ठेव, दादू. पाय लावायचा नाही." पिस्टनच्या रिंगा, क्लच प्लेटा, दोन केबली आणि टायर, एवढंच मी करू दिलं. सीट कव्हर मात्र ह्यांनी माझ्या अपरोक्ष बदलून घेतलं. "पोरगी सासरी पाठवताना नवं लुगडं नेसवतात ना," म्हणाले. मी म्हटलं, लुगड्याचे पैसे तुमच्या चहातून कापीन. ह्यांनी तेही कबूल केलं.

खरी पंचाईत पुढेच झाली. स्कूटर तयार झाली आणि पहिल्या किकेत सुरू झाली. धूर नाही, आवाज असा गोल, की शेजारच्या सुंदराबाई गॅलरीत येऊन म्हणाल्या, "नवी घेतली काय?" झालं. हे तिच्यावर बसून मरोळला गेले आणि संध्याकाळी आले ते वेगळेच माणूस होऊन. जेवताना म्हणाले, "काय गं, एवढा खर्च केलाय, आता ती दहा वर्षं बघायला नको." मी आमटीचा डाव जरा जोरात ठेवला. मग म्हणाले, "नाही, मी आपलं सांगतो." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "चढाला तिसऱ्या गिअरमध्ये जाते." मी म्हटलं, "मग तिलाच सांगा मिरच्या कांडायला." त्यावर हसले, पण हसणं काही पुरतं उतरलं नाही चेहऱ्यावर. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण वाईट वाटून डंक मिळत नाहीत.

धोंडिराम गाडी बघायला पुन्हा आला. खूश झाला. म्हणाला, "आता पुस्तक बघू या."

आमच्या घरात स्कूटरचं पुस्तक कपाटात नाही, देव्हाऱ्यात असतं. लाल फडक्यात गुंडाळलेलं, गणपतीच्या मागे. दर दसऱ्याला स्कूटर धुऊन तिला झेंडूचा हार, आणि पुस्तकाला हळद, कुंकू, अक्षता. हे स्वतः करतात. टॅक्स भरायला पुस्तक बाहेर जाणार ते फडक्यातूनच, परत येणार ते फडक्यातूनच, आणि पुन्हा गणपतीच्या मागे. मी एकदा उघडून बघायला गेले तर म्हणाले, "पुजलेलं आहे, हाताळू नये."

धोंडिरामने फडकं सोडलं. पानं कुंकवाने चिकटली होती, ती त्याने नखाने हळूच सोडवली. वाचलं. पुन्हा वाचलं. मग ह्यांच्याकडे बघून म्हणाला, "सहदेवभाऊ, हे काशीराम केशव पाटणकर कोण?"

"कोण?" हे म्हणाले.

"गाडीचे मालक."

मी पुस्तक ओढून घेतलं. काशीराम केशव पाटणकर, मुलुंड. खाली इमारतीचं नाव, खोलीचा नंबर. ते एकच नाव, एकच सही. त्याच्या पुढची जागा कोरी, आणि त्या कोऱ्या जागेवर सहा दसऱ्यांचं कुंकू.

"पण नाव बदलायचे पैसे मी दिले होते," हे म्हणाले. "नंदकिशोरला. गाडी घेतली तेव्हाच. तो म्हणाला, आठवड्यात करून देतो."

"आणि तुम्ही बघितलं नाही."

"अगं, त्याने सांगितलं ना केलं म्हणून."

मला इतका राग आला होता की हसूच यायला लागलं. सहा वर्षं माझा नवरा एका परक्या माणसाच्या पुस्तकाची पूजा करत होता. स्वतःच्या बायकोच्या वाढदिवसाला कधी झेंडूचं फूल आणलं नाही, आणि मुलुंडच्या पाटणकरांना दर दसऱ्याला हार. तोंडावर बोलून दाखवलं मी ते. हे खाली मान घालून बसले होते.

धोंडिराम बिचारा अवघडला. म्हणाला, "वहिनी, माझ्या चुलतभावाने अशीच दुसऱ्याच्या नावावरची गाडी घेतली होती, अजून निस्तरतोय. मला गाडी आवडलीय. पण पुस्तकातल्या मालकाची सही हवी. शिमग्यापर्यंत वाट बघतो." शिमगा त्याचाही आणि माझाही एकच होता.

दुसऱ्या दिवशी मी ह्यांना घेऊन नंदकिशोरकडे गेले. त्याने पुस्तक बघितलं आणि जीभ चावली. "अरे, राहून गेलं की." जणू चहात साखर घालायची राहून गेली होती.

"मग आता करा," मी म्हटलं.

"आता कसं वहिनी? म्हातारा कुठे असेल, काय असेल. तेव्हा त्याने मला सही करून दिली होती कोऱ्या फॉर्मवर, नाव बदलायच्या. आम्ही टी.टी.ओ. म्हणतो त्याला. तो आहे माझ्या ड्रॉवरमध्ये. पण तो दुकानाचा कागद असतो, बाहेर देत नसतो." मग त्याने बाहेर उभ्या स्कूटरकडे बघितलं. "रिपेरी केलीत वाटतं. चांगलं केलंत. तुमच्यासाठी चार हजार शंभर."

सहाशे रुपये घातल्यावर शंभर वाढले. आणि मला तेव्हा लख्ख समजलं. तो फॉर्म त्याच्या ड्रॉवरमध्ये होता म्हणून ही स्कूटर जगात फक्त एकच माणूस विकू शकत होता, आणि तो माझा नवरा नव्हता. म्हणूनच त्याला पहिल्या दिवशी पुस्तक बघायचीसुद्धा गरज वाटली नव्हती. नाव बदलायचं राहून गेलं असेल खरंच. पण राहिलेलं त्याला चांगलंच उपयोगी पडत होतं.

हे हळूच म्हणाले, "घेऊ या का गं? चार हजार शंभर तर तेवढे."

"तुम्ही एक शब्द बोलायचा नाही," मी म्हटलं, नंदकिशोरच्या समोर. घरी असं मी कधी बोलत नाही. म्हणजे बोलते, पण लोकांसमोर नाही.

रविवारी आम्ही स्कूटरवर बसून मुलुंडला गेलो. सोबत मी घरचा मसाला घेतला होता, रिकाम्या हाताने सही मागायला कशाला जा? पत्ता तोच होता, माणूसही तोच. काशीराम पाटणकर, सरकारी ऑफिसातून रिटायर झालेले, बनियनवर दारात उभे. ह्यांनी सगळं सांगितलं. पाटणकरांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि मग म्हणाले, "म्हणजे साकीनाक्याला सिग्नल तोडणारे ते तुम्ही."

हे पायातल्या चपला बघायला लागले.

"तीन वर्षांपूर्वी. माझ्या नावाने कोर्टाचं समन्स आलं. आयुष्यात मी कधी फुटपाथ सोडून चाललो नाही. ऑफिसात रजा टाकून कोर्टात गेलो आणि दंड भरून आलो. साहेबांनी विचारलं, काय पाटणकर, गाडी जोरात पळवता म्हणे?"

"तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत सिग्नलचं," मी ह्यांना म्हटलं.

"पिवळा होता गं," हे म्हणाले.

पाटणकरांना हसू आलं, पण त्यांनी ते मिशीत दाबलं. "पिवळा असो की लाल. मी एकदा कोऱ्या कागदावर सही केली ती चूक झाली. आता पुन्हा सही करणार नाही. नाव काढून घ्यायचं तर तो दुकानदार बघेल."

मला तिथे रडू यायचंच राहिलं होतं. शिमगा आठ-दहा दिवसांवर, फरसाणवाला रोज गिरणीत येऊन भिंती मोजतोय, आणि हा माणूस सही करत नाही. पण रडून काय होणार? मी मसाल्याची पुडी टेबलावर ठेवली आणि म्हटलं, "नका करू काका. तुमची मर्जी. मग आम्ही ही गाडी नंदकिशोरला देऊन मोकळे होतो. तुमची ती जुनी सही अजून त्याच्या ड्रॉवरमध्येच आहे, तारीख न घातलेली. तो गाडी कुणाला देईल, तो माणूस ती कुठे घालेल, आम्हाला काय माहीत? आमच्या ह्यांनी एक सिग्नलच तोडला. पुढचा काय तोडेल सांगता येत नाही."

पाटणकर जागेवरच थांबले. "तो फॉर्म अजून त्याच्याकडे आहे?"

"परवाच सांगत होता. दुकानाचा कागद असतो म्हणे."

पाटणकर आत गेले. बाहेर आले ते शर्ट-पँट घालून, खिशात पेन लावून. "चला," म्हणाले.

आता स्कूटर एक आणि आम्ही तिघं. मी म्हटलं मी बसने येते. पण पाटणकर स्कूटरपाशी गेले, नव्या सीटवरून हात फिरवला, आणि ह्यांना म्हणाले, "चावी द्या. नाहीतरी माझ्याच नावावर आहे." तर पाटणकर पुढे, हे मागे, आणि मी बसने. नंतर हे सांगत होते, मुलुंड ते घाटकोपर म्हाताऱ्याने एकही सिग्नल हिरवा झाल्यावरसुद्धा लगेच सोडला नाही.

मी पोचले तेव्हा नंदकिशोरच्या दुकानात चहा येऊन थंड झाला होता. ड्रॉवरमधला फॉर्म पाटणकरांच्या हातात होता. त्यांनी तो निगुतीने चार तुकडे करून खिशात ठेवला. नंदकिशोर माझ्याकडे बघून म्हणाला, "वहिनी, मला सांगायचं ना, मीच नेलं असतं तुम्हाला मुलुंडला."

"राहून गेलं," मी म्हटलं.

पाटणकर खुर्चीत बसले आणि एकेक गोष्ट मांडू लागले. "सहा वर्षांपूर्वी ह्यांनी नाव बदलायचे पैसे दिले होते, बरोबर? ते काम तुम्ही आता करायचं. फी तुमची, धावपळ तुमच्या माणसाची. मी स्वतः आर.टी.ओ.त येऊन सही देतो." नंदकिशोरने मान हलवली. त्या दुकानात त्याची मान हललेली मी पहिल्यांदा पाहिली. "आणि आधी गाडी ह्यांच्या नावावर करा. सहदेव... आडनाव काय तुमचं? गाडीचे पैसे ह्यांनी मोजले, चालवली ह्यांनी, पुजली ह्यांनी. पुस्तकात ह्यांचं नाव आलंच पाहिजे. मग पुढे ते कुणालाही विकू देत."

हे एकदम ताठ झाले. मी पाहिलं ना. सहा वर्षांत पहिल्यांदा कुणी ह्यांना मालक म्हटलं होतं. नंदकिशोर आता उगीच चांगुलपणाने म्हणाला, "करतो की. पण पुस्तक एकदा आत गेलं की बाहेर यायला पंधरा दिवस, तीन आठवडे. मग दुसऱ्यांदा फॉर्म, पुन्हा तेच. नाहीतर पाटणकरसाहेबांकडून थेट घेणाऱ्याच्या नावावर होतं. एका दिवसात कागद जमा, पावती हातात. तुम्ही म्हणाल तसं."

तीन आठवड्यांत शिमगा होऊन गेला असता आणि गिरणीत फरसाणाची कढई चढली असती. हे नंदकिशोरला माहीत नव्हतं, पाटणकरांना माहीत नव्हतं, मला आणि ह्यांना माहीत होतं. पण मी काही बोलले नाही. खरं सांगते, माझ्याच्याने बोलवलं नाही. तीन दिवसांपूर्वी ह्यांच्या पूजेवर मीच तोंडसुख घेतलं होतं. आता ते कुंकू लागलेलं पान उघडं टेबलावर पडलं होतं, आणि त्या पानावर नाव यावं असं ह्यांना किती वाटत होतं ते मला दिसत होतं.

ह्यांनी पुस्तक उचललं. ती कोरी जागा बघितली, अंगठ्याने थोडं कुंकू पुसलं. मग पुस्तक पाटणकरांच्या पुढे ठेवून म्हणाले, "थेट करा. धोंडिरामच्या नावावर."

"अहो, पण तुमचं नाव..." पाटणकर म्हणाले.

"माझं नाव मध्ये घालून कुणाला काय मिळणार? हिची गिरणी जाईल." एवढंच बोलले आणि बाहेर जाऊन स्कूटरजवळ उभे राहिले.

पाटणकरांनी माझ्याकडे पाहिलं. मी नंदकिशोरला फॉर्म काढायला सांगितलं. इतकी वर्षं मी ह्या माणसाला भोळा, बावळट, नंदकिशोरचा मान हलवणारा म्हणत आले. म्हणजे आहेच तो. पण त्या दिवशी मला फार प्रेम वाटलं त्याचं, इतकं की लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी आर.टी.ओ.त धोंडिराम वेळेवर हजर होता. पाटणकरांनी खिडकीपाशी सही दिली, सही जुळली, पावती मिळाली, आणि धोंडिरामने तिथेच बावन्नशे मोजले. ह्यांनी त्याला चावी दिली. चढाला तिसरा गिअर, पेट्रोलच्या कॉकची सवय, पावसात प्लग काढून पुसायचा, असं इतकं काही सांगितलं की धोंडिराम म्हणाला, "सहदेवभाऊ, एक काम करा, रविवारी येऊन बघत जा तिला." हे म्हणाले, "येईन." मी म्हटलं, नको म्हणा, हे खरंच येतील. दादूचे आणि विम्याचे पैसे वजा जाता साडेचार हजारांवर जे उरलं त्यात आम्ही तिघांनी आणि पाटणकरांनी जेवण केलं. पाटणकर बिल द्यायला निघाले होते. मी दिलं नाही देऊ.

शिमग्याच्या आदल्या आठवड्यात जानकीकाकूने गिरणीचा कागद करायला घरी बोलावलं. वकिलाचा माणूस लिहायला बसला होता. काकू म्हणाली, "नाव काय घालूचा? वनमालाचाच ना?" तेच ठरलं होतं. स्कूटरचे सोडले तर पैसे माझे, मेहनत माझी, नाव माझं, आणि ह्यांनी कधी त्याला आडकाठी केली नव्हती.

मी म्हटलं, "दोघांचं घाला. आधी ह्यांचं."

हे चपापले. "माझं कशाला? मला मिरची निवडतासुद्धा येत नाही."

"निवडायला मी आहे," मी म्हटलं. "तुम्ही सही करा."

लिहिणाऱ्याने नाव घातलं, सहदेव, पुढे वडिलांचं, पुढे आडनाव, सगळं पुरतं, आणि त्याच्याखाली माझं. कागद ह्यांच्यापुढे आला. ह्यांनी पेन घेतलं, आणि सही न करता कागद जवळ ओढून वरपासून वाचायला लागले. एकेक ओळ, बोट ठेवून. काकूचा चहा निवला, लिहिणारा घड्याळ बघायला लागला, तरी हे वाचतायत. स्वतःच्या नावापाशी आले तेव्हा बोट थांबलं. बराच वेळ थांबलं. मी खिडकीबाहेर बघत बसले, ह्यांना सावकाश वाचू दिलं.